क्षेत्रफळ आलं −2π. दोष आकृती न काढण्याचा की लिमिटचा?

निवडुंग
r = 1 + cos θ च्या आत आणि r = 3 cos θ च्या बाहेर जो भाग आहे त्याचं क्षेत्रफळ काढायचं होतं. दोन्ही r सारखे धरले, cos θ = 1/2, म्हणजे θ = π/3. आकार अक्षाच्या वर-खाली सारखाच, म्हणून वरचा भाग घेऊन दुप्पट केली. लिमिट π/3 ते π. उत्तर −2π. आकडेमोड तीनदा तपासली, तेच येतंय. क्लासचे सर म्हणतात, आकृती काढली नाहीस म्हणून फसलीस. माझं म्हणणं, छेदनाचा कोन बरोबर असेल तर आकृती हवीच कशाला? बोला.

घाटावरचा
सर बरोबर आहेत. कागद घे आणि काढच. r = 3 cos θ हे वर्तुळ आहे, केंद्र (1.5, 0), त्रिज्या दीड. ते सगळंच्या सगळं y-अक्षाच्या उजवीकडे, अक्षाला फक्त मूळबिंदूत टेकतं. कार्डिऑइड मात्र डावीकडेही पसरतो: ०° ला २, ९०° ला १, १८०° ला शून्य. आता मूळबिंदूत पट्टी धर आणि फिरवत ने. ६०° पर्यंत वर्तुळ पुढे असतं, तिथे आपला भागच नाही. ६० ते ९० मध्ये पट्टीला आधी वर्तुळ लागतं, मग कार्डिऑइड. ९० नंतर पट्टीवर वर्तुळ येतच नाही, वजा करायला काही उरत नाही. तू तिथेही वजा करत बसलीस.

सोमवारपेठी
एवढं कशाला? उत्तर π. परवाच सोडवलंय, लिमिट −π/3 ते π/3.

घाटावरचा
ते वर्तुळाच्या आत आणि कार्डिऑइडच्या बाहेर. प्रश्न उलटा आहे, परत वाचा.

सोमवारपेठी
अरेच्चा. पण मग उलट केलं की चिन्ह बदलून तेच यायला हवं ना? कार्डिऑइडचं पूर्ण क्षेत्रफळ 3π/2, वर्तुळाचं 9π/4. वजाबाकी करा, संपलं.

आजोबा_गणितवाले
वजाबाकी केलीत तर −3π/4 येईल. एक आकार दुसऱ्याच्या पूर्ण पोटात असेल तरच ही युक्ती चालते. इथे दोघेही एकमेकांच्या बाहेर डोकावतात. तरी तुमचा आकडा टाकून देऊ नका, शेवटी कामाला येईल.

निवडुंग, तुझा कोन बरोबर आहे, आकडेमोडही बरोबर आहे. घोळ π/2 पाशी आहे. तिथून पुढे 3 cos θ ऋण होतो. ऋण r म्हणजे बिंदू विरुद्ध दिशेला, म्हणून π/2 ते π मध्ये वर्तुळाचा खालचा अर्धा भाग काढला जातो. सूत्रात r चा वर्ग असल्यामुळे ऋण चिन्ह पुसलं जातं आणि तो अर्धा भाग गुपचूप वजा होतो. त्याची दुप्पट केलीस, म्हणजे अख्खं वर्तुळ, 9π/4, जास्तीचं वजा झालं. −2π मध्ये ते परत मिळव: π/4. हेच खरं उत्तर.

सरळ करायचं तर दोन वेगळी लिमिट लागतात. दुप्पट केल्यामुळे सूत्रातला ½ गेला, म्हणून:

कार्डिऑइड, π/3 ते π: ∫(1 + cos θ)² dθ = π − 9√3/8
वर्तुळ, π/3 ते π/2: ∫9 cos² θ dθ = 3π/4 − 9√3/8

वजा केलं की √3 ची पदं उडतात आणि π/4 राहतं. आता सोमवारपेठींचा आकडा: कार्डिऑइडचा बाहेरचा भाग π/4, वर्तुळाचा बाहेरचा भाग π, दोघांतला फरक −3π/4. जुळलं. परीक्षेत वेळ उरला तर हा ताळा करून पाहावा.

निवडुंग
म्हणजे आकृती हवीच असं नाही? 3 cos θ चं चिन्ह पाहिलं असतं तरी सुटलं असतं.

आजोबा_गणितवाले
माझं मत तेच, घाटावरच्यांना पटणार नाही. प्रत्येक θ ला किरणावरचा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढंच विचारायचं. इथे सुरुवात 0 आणि 3 cos θ यांतल्या मोठ्यापासून, शेवट 1 + cos θ ला. ‘मोठा कोण’ हे π/2 ला बदलतं, म्हणून लिमिट तिथे तुटतं. दोन वक्र समान ठेवून हा π/2 कधीच मिळणार नाही. मूळबिंदूतून दोघेही जातात, पण वर्तुळ π/2 ला आणि कार्डिऑइड π ला, म्हणून समीकरणाला ती भेट दिसत नाही. प्रत्येक r वेगळा शून्य ठेवून पाहायचा.

घाटावरचा
पटत नाहीच. हे सगळं तुम्हाला सुचतं, कारण चाळीस वर्षं आकृत्या काढून ती डोक्यात बसलीये. पहिल्या वर्षाच्या पोराला किरण दिसायला आधी कागदावरच दिसावा लागतो. दोन मिनिटांचं काम.

पाकळी_आठवी
माझं दुखणं वेगळं आहे, पण इथलंच. r = cos 2θ च्या आत, r = 1/2 च्या बाहेर. समान ठेवलं तर चार कोन मिळतात: π/6, 5π/6, 7π/6, 11π/6. मी आकृती काढली तर छेदनबिंदू आठ! उरलेले चार cos 2θ = −1/2 मधून येतात, कारण वर-खालच्या दोन पाकळ्या ऋण r च्या आहेत. एका पाकळीचा बाहेरचा भाग π/24 + √3/16, चार पाकळ्यांचा π/6 + √3/4. तपासणाऱ्यांनी बरोबर निम्मं उत्तर ग्राह्य धरलं आणि माझे गुण कापले.

घाटावरचा
बघा, आकृतीनेच आठ दाखवले.

आजोबा_गणितवाले
आकृतीने दाखवले हे मान्य. पण गुण कापणाऱ्यांना लगेच वेडं ठरवू नका. काही ठिकाणी r ≥ 0 एवढंच मान्य असतं, मग cos 2θ ला दोनच पाकळ्या उरतात आणि निम्मं उत्तरच खरं ठरतं. निवडुंगचा प्रश्न या वादातून सुटतो. r ऋण चालो वा न चालो, वर्तुळ तेच राहतं आणि उत्तर π/4 च.

पाकळी_आठवी
पण प्रश्नपत्रिकेत r ≥ 0 लिहिलेलंच नव्हतं! वर्गात आम्हाला चार पाकळ्यांचाच गुलाब शिकवला.

आजोबा_गणितवाले
मग तुमची बाजू भक्कम आहे. फेरतपासणीला अर्ज करा, सोबत वर्गातल्या वहीचं ते पान जोडा.

सोमवारपेठी
मला अजून कळलं नाही, π/3 ते π/2 चा तुकडा वेगळा का? तिथे तर दोन्ही r धन आहेत.

निवडुंग
वेगळा नाही, तिथे दोन्ही वजाबाकीत आहेत. π/2 च्या पुढे एकटा कार्डिऑइड. मी आता काढून पाहिली आकृती. वर्तुळ जरा चपटं आलंय, पण ९०° ला ते संपतं हे दिसतंय. सरांना इतक्यात सांगणार नाहीये.