विक्रेत्याचं कर्ज बाकी असलेला प्लॉट आणि एस्क्रो

> खानापूर रोडचा प्लॉट ४० लाखाला ठरलाय, मालकाचं बँकेचं १२ लाख कर्ज बाकी आहे. तो म्हणतो आधी पैसे द्या, मग कागद सोडवतो. काय करावं?

दादा, त्याच्या हातात थेट पैसे अजिबात देऊ नका. बँकेत एस्क्रो खातं उघडा, म्हणजे ठरलेल्या अटी पूर्ण झाल्यावरच बँक पैसे सोडते असं खातं. त्यासाठी तुम्ही, मालक आणि बँक असा तिघांचा करार होतो, पूर्ण ४० लाख तिथं जमा करा म्हणजे पैसे तयार आहेत हे मालकालाही दिसतं आणि व्यवहार अडत नाही. मग १२ लाख थेट त्याच्या कर्जखात्यात जातात, आणि मूळ कागद मालकाकडं न जाता एस्क्रोवाल्या बँकेकडंच यायला पाहिजेत, ही अट लिहून घ्याच, कारण रजिस्ट्रीआधी बाहेर पडणारे पैसे एवढेच आणि खरा धोका तिथंच आहे. उरलेले २८ लाख कधी सुटणार? नुसतं "व्यवहार पूर्ण झाल्यावर" असं लिहिलं की भांडण ठरलेलंच. सब-रजिस्ट्रारकडं नोंदलेलं खरेदीपत्र आणि तुमचं नाव आलेली ईसी, म्हणजे जागेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला, दाखवल्यावर, असं स्पष्ट लिहा. मुदत चुकली तर पैसे कोणाला परत आणि भरलेल्या १२ लाखांचं काय, तेही. करार कन्नडमध्ये असेल तर वकिलाकडून ओळ न् ओळ समजून घ्या. आणि हो, जागेवर वारसांचा वाद आहे का ते एस्क्रो बघत नाही, ते वकिलाकडून वेगळं तपासा.