अकुंताबिलितास कशाला?

> अकाउंटेबिलिटीला 'तांग्गुंग जवाब' हा सरळ इंडोनेशियन शब्द असताना 'अकुंताबिलितास' कशाला?

कारण 'तांग्गुंग जवाब' रिस्पॉन्सिबिलिटीसाठी आधीच खर्ची पडलाय. (त्यातला 'जवाब' आपल्या जबाबदारीतल्या 'जबाब'चाच अरबी भाऊबंद.) त्यावरून झालेला 'पर्तांग्गुंगजवाबान' वाचला की कारकुनाला खर्चाचा हिशेब नि पावत्याच आठवतात. 'तांग्गुंग गुगात' काहींनी वापरला, पण 'गुगात' म्हणजे दावा लावणं, त्यामुळे कोर्टाचा वास येतो. शिवाय इंडोनेशियाच्या 1999 च्या राष्ट्राध्यक्षीय निर्देश क्र. 7 पासून सरकारी कामगिरी अहवालांत 'अकुंताबिलितास' हीच अधिकृत संज्ञा आहे, तिथे ती बदलू नये. गावासाठीच्या मसुद्यात मात्र मी संज्ञाच टाळतो आणि वाक्य उलगडतो: गावप्रमुखाने निधी कसा वापरला हे ग्रामसभेला सांगावं, सभेने विचारलं तर उत्तर द्यावं.