वारीसाठी फिटनेस सर्टिफिकेट

"बाबा ७३ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट. आळंदी-पंढरपूर पायी जायचंय. सर्टिफिकेटवर काय लिहून घ्यावं?"

नुसतं ‘फिट’ घेऊ नका. माझ्या वडिलांची इको आणि स्ट्रेस टेस्ट बघून परळच्या डॉक्टरांनी ‘सपाटीला पायी, दिवे घाट गाडीने’ असं स्पष्ट लिहिलं. उपवास असला तरी रक्त पातळ करणारी गोळी चुकवायची नाही, हेही. जुलाब लागले तर लघवीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन, नाहीतर बीपी एकदम उतरतं. छातीत दाटलं तर सॉर्बिट्रेट जिभेखाली, पण खाली बसूनच. उभ्याने घेतली तर चक्कर येते. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर लगेच १०८. सर्टिफिकेटची झेरॉक्स बाबांच्याच खिशात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये. आमची पहिल्याच पावसात लगदा झाली होती.