प्रश्न आधी की निष्पत्ती आधी? बोंडअळीच्या घटकावरून पडलेला पेच

कपाशीताई (यवतमाळ जिल्हा)
कृषी पदविकेला शिकवते. गुलाबी बोंडअळीच्या घटकाचं उद्दिष्ट अभ्यासक्रमात असं दिलंय: "विद्यार्थ्यांना गुलाबी बोंडअळीच्या व्यवस्थापनाची माहिती होईल." यावर मला 40 प्रश्न काढायचे आहेत. वरिष्ठ म्हणतात, आधी हे उद्दिष्ट मोजता येईल अशा निष्पत्तीत मांडा, तोवर एकही प्रश्न लिहू नका. सात वर्षं प्रश्न काढतेय, असं कधी केलं नाही. खरंच गरज आहे का?

दारव्ह्याचे गुरुजी
माझ्या मते नाही. 22 वर्षं शिकवतोय. कोणता विद्यार्थी शेतात उभा राहील आणि कोणता नाही, हे चार प्रश्न तोंडी विचारले की कळतं. निष्पत्तीचे तक्ते मीही भरले, ते फाइलीत राहिले आणि प्रश्न होते तेच राहिले. तेवढ्या वेळात पोरांना एकदा शिवारात नेऊन आणा.

शिवारशाळा
गुरुजी, शिवारात न्यायचंच आहे. पण नेल्यावर त्यानं काय करून दाखवायचं, हे कुठे ठरलंय? माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

कपाशीताई, तुमच्या जुन्या प्रश्नपेढीतले प्रश्न काढून बघा. शास्त्रीय नाव काय, पतंगाचा रंग कोणता, कामगंध सापळे हेक्टरी किती, असेच बहुतेक असतील. "माहिती होईल" या शब्दांत हे सगळं बसतं, म्हणून ते चुकीचे वाटत नाहीत. मीही वर्षानुवर्षं तसेच काढले. मग एकदा पैकीच्या पैकी गुण घेतलेल्या मुलाला कपाशीच्या शेतात उभं केलं आणि विचारलं, आज फवारणी करायची का? त्यानं चार बोंडं वरून न्याहाळली, छिद्र दिसलं नाही, म्हणाला, पीक निरोगी आहे. मी त्यातलं एक फोडलं तर आत अळी होती. लहान अळी बोंडात शिरली की तिचं छिद्र बुजून जातं, बाहेरून काही समजत नाही. हे त्याला मी सांगितलं होतं, तपासलं मात्र कधीच नव्हतं.

त्यानंतर निष्पत्ती अशी लिहिली: "एका एकरातून सरमिसळ 20 हिरवी बोंडं तोडून, फोडून, कीडग्रस्त बोंडं मोजतो. त्याचा आकडा शिक्षकाच्या आकड्यापेक्षा एकाहून जास्त चुकत नाही." दुसरी: "सापळ्याची नोंद आणि बोंडांची मोजणी हाती दिली की फवारणी करायची की थांबायचं हे ठरवतो आणि कारण सांगतो." वाक्यं लांबलचक झाली, पण पहिलीवर लेखी प्रश्न निघूच शकत नाही, ती शेतातच तपासावी लागते, हे लिहितानाच लक्षात आलं. प्रश्न आधी लिहायला बसलो असतो तर तीही बहुपर्यायी करून टाकली असती.

विदर्भ_बीएड
एवढा व्याप कशाला? क्रियापदांची यादी मिळते. "माहिती होईल" काढून "ओळखतो", "वर्गीकरण करतो", "विश्लेषण करतो" घाला, झाली निष्पत्ती. आम्हाला बी.एड.ला हेच शिकवलं.

शिवारशाळा
अर्धं बरोबर आहे. दिसेल अशी कृती सांगणारं क्रियापद हवंच. पण "बोंडअळी ओळखतो" म्हणजे काय, ते अजून मोकळंच राहिलं. तक्त्यावरच्या रंगीत चित्रात ओळखणारा मुलगा आणि बोंड फोडून ओळखणारा मुलगा, दोघंही यात बसतात. मघाशी सांगितलेला मुलगा चित्रात बिनचूक ओळखत होता. कोणत्या स्थितीत आणि किती अचूक, हे जोडल्याशिवाय क्रियापद एकटं पुरत नाही.

पांढरकवडा_शेती
सर, आमच्याकडंबी डोमकळ्या दिसून राह्यल्या. फवारा कोणता मारू ते सांगा. कृषी सेवा केंद्रवाला तीन औषधं एकत्र करून द्यायला निघाला, मले भेव वाटते.

शिवारशाळा
दादा, इथं परीक्षेच्या प्रश्नांबद्दल बोलणं चाललंय, पण तुमचंही सांगतो. औषधं एकत्र करू नका. डोमकळ्या झालेली, अळीनं मिटलेली फुलं तोडून अळीसकट नष्ट करा. एकरातून 20 हिरवी बोंडं फोडून पाहा, दोन किंवा जास्त किडकी निघाली तर कृषी सहायकाला शेत दाखवून एकच औषध ठरवा. फवारताना हातमोजे आणि तोंडाला मास्क. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत.

आणि कपाशीताई, या दादांना जे विचारावं लागलं, तेच तुमच्या घटकाचं खरं काम आहे.

कपाशीताई
पटतंय. पण दुसऱ्या निष्पत्तीवर लेखी प्रश्न कसा काढायचा? मी काढला की पुन्हा "आर्थिक नुकसानीची पातळी किती" असाच होतो.

शिवारशाळा
आकडा विचारू नका, नोंद द्या. समजा एका सापळ्यात तीन रात्री 9, 11 आणि 7 पतंग, आणि 20 पैकी 1 बोंड किडकं. आज फवारायचं का? पातळी आहे सलग तीन रात्री सापळ्यात रोज 8 पतंग, किंवा 10 टक्के बोंडं. तिसऱ्या रात्री 7 आहेत आणि बोंडं 5 टक्केच, म्हणजे थांबायचं, नोंद चालू ठेवायची.

आता गंमत पर्यायांची. सरासरी काढणारा मुलगा म्हणेल, 9 आली, फवारा. फक्त पहिल्या दोन रात्री पाहणाराही फवारा म्हणेल. एकही किडकं बोंड खपवून न घेणारा तेच म्हणेल. म्हणून "फवारा" हा पर्याय तीनदा ठेवा, प्रत्येकापुढे वेगळं कारण. मुलानं कोणता निवडला यावरून त्याची चूक कुठली, हे कळतं. असे पर्याय निष्पत्तीत "कारण सांगतो" लिहिलं होतं म्हणून सुचले.

दारव्ह्याचे गुरुजी
हा प्रश्न चांगला आहे, मान्य करतो. तरी दोन अडचणी. परीक्षा उन्हाळ्यात, तेव्हा शिवारात हिरवं बोंड कुठून आणायचं? आणि दुसरी मोठी: शेजाऱ्यानं हंगाम संपल्यावरही फरदडीची कपाशी ठेवली म्हणून आपल्या शेतात अळी येते, तेव्हा शेजाऱ्याशी कसं बोलायचं, हेही व्यवस्थापनच आहे. ते कोणत्या आकड्यात बसवाल? मोजता येतं तेवढंच शिकवायची सवय लागली तर हे गळेल.

शिवारशाळा
पहिलीवर उपाय आहे. पहिली निष्पत्ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बोंडं असताना, जोड्या पाडून तपासा आणि गुण तेव्हाच नोंदवा. 40 मुलं, 20 जोड्या, दोन सकाळी लागतात. दुसऱ्या अडचणीवर माझ्याकडे चोख उत्तर नाही. मी ते उद्दिष्ट म्हणून ठेवतो, वर्गात शिकवतो, गुण देत नाही. हे योग्य आहे का, याबद्दल मलाही खात्री नाही.

विदर्भ_बीएड
गुण नाहीत तर मुलं ते ऐकतील का?

दारव्ह्याचे गुरुजी
माझ्या वर्गात ऐकतात.

कपाशीताई
काल रात्री जुने 40 प्रश्न घेऊन बसले. प्रत्येकापुढे तो कोणत्या निष्पत्तीचा, ते लिहिलं. 26 प्रश्न नुसते आठवणीचे निघाले, आणि फवारायचं की थांबायचं यावर एकही नव्हता. आठवणीचे 8 ठेवतेय, कारण पातळीचा आकडा शेतात पुस्तक उघडून बघता येत नाही. सापळ्याच्या नोंदीचे 12 नवे लिहीन. 40 भरणार नाहीत. वरिष्ठांना आधी निष्पत्ती दाखवते आणि मग विचारते, संख्या कमी चालेल का.