मदत हवी आहे: संस्थेचं अंदाजपत्रक नफ्यात, पण सप्टेंबरात हप्त्याला पैसे नाहीत

काटोलकडचा_सचिव
आमची शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. काम दोन: सभासदांना खत-बियाणं-औषध देणं आणि सोयाबीन-तूर चाळणी करून देणं. एप्रिलपासूनचं अंदाजपत्रक आमसभेपुढे ठेवायचंय.

शिल्लक ६ लाख. खरेदी मे १२, जून १८, जुलै ६, म्हणजे ३६ लाख. विक्री ३८ लाख. त्यातले जूनमध्ये १५ आणि जुलैत ८ रोख येतात, उरलेली १५ लाखांची उधारी सोयाबीन-कापूस विकल्यावर फिटते: नोव्हेंबर ९, डिसेंबर ४, जानेवारी २. चाळणीचे ऑक्टोबर ते फेब्रुवारी मिळून ८ लाख. पगार, वीज, डिझेल महिना ४० हजार. गोदाम-यंत्राच्या कर्जाचा हप्ता ६० हजार, त्यात मुद्दल ४५.

सीएंच्या कागदावर घसारा सोडून ३ लाख ४० हजार नफा दिसतो. मग दर पावसाळ्यात बँकेचा फोन का येतो? कॅश क्रेडिटची, म्हणजे सीसीची मर्यादा १० लाख आहे.

उमरेडचा_गडी
घाबरू नका भाऊ. शेतीचं कर्ज दोन हंगाम थकल्याशिवाय एनपीए होत नाही. हप्ता दिवाळीनंतर भरा.

हिशेबनीस
उमरेडवाले भाऊ, ते कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला. गोदाम-यंत्राच्या कर्जाला बँक ९० दिवसच धरेल. जुलैपासून हप्ते थांबवले तर दिवाळीच्या आधीच खातं एनपीएत जाईल.

सचिव साहेब, नफ्याच्या कागदात कर्जाचं फक्त व्याज येतं, मुद्दल येत नाही. वर्षाला ५ लाख ४० हजार मुद्दल जातं, म्हणजे ३ लाख ४० हजार नफा होऊनही तिजोरीतून २ लाख कमीच होतात. हे एक. दुसरं म्हणजे वर्षाचा आकडा बाजूला ठेवा आणि महिन्याअखेरची शिल्लक मांडा. मी तुमचेच आकडे मांडले. एप्रिल ५ लाख, मे उणे ८, जून उणे १२, जुलै उणे ११, ऑगस्ट उणे १२, सप्टेंबर उणे १३. ऑक्टोबरपासून वर येतं, डिसेंबरला ३ लाख अधिक आणि मार्चला ४. मर्यादा १० ची, खड्डा १३ चा. शिवाय सीसीचं व्याज तुम्ही धरलंच नाही. ११ टक्क्यांनी साठ-पासष्ट हजार होतं.

संत्रावाला
आमच्याकडे आंबिया आणि मृग असे दोन बहार, म्हणून पैसा दोनदा येतो. तुम्ही बाग लावा म्हणत नाही, पण मार्चमध्ये हरभऱ्याची चाळणी का नाही? यंत्र तर उभंच असतं.

काटोलकडचा_सचिव
हरभरा बघतो, पण त्याने सप्टेंबर सुटत नाही. हप्ते डिसेंबर आणि मार्चला घ्या असं बँकेला म्हटलं तर?

हिशेबनीस
म्हणा. मुद्दल २ लाख ७० हजाराच्या दोन हप्त्यांत, व्याज मात्र महिन्याला. मग सप्टेंबरचा खड्डा १३ वरून १० लाख ३० हजारावर येतो. म्हणजे सीसीचं व्याज सोडूनसुद्धा मर्यादेच्या थोडा बाहेरच. डिसेंबरात पहिला हप्ता देऊनही हाती चारेक लाख राहतात, त्यामुळे बँकेला हे पटू शकतं. मागणीसोबत हाच महिनावार तक्ता जोडा.

आणि खरी गोम पुढे आहे. मर्यादा १० लाख असली तरी तेवढे उचलता येतीलच असं नाही. बँक स्टॉक स्टेटमेंट बघून उचल ठरवते. ऑगस्टात गोदाम रिकामं, राहिली फक्त उधारी. आमच्या बँकेत ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी धरतच नाहीत. म्हणजे जूनमध्ये दिलेलं खत सप्टेंबरअखेर हिशेबातून बाहेर, आणि उचल नेमकी तेव्हाच घसरते. तुमच्या मंजुरीपत्रात किती दिवस लिहिलेत?

काटोलकडचा_सचिव
बघितलं. ९० च. फोनचं कारण हेच असणार.

हिशेबनीस
मग हप्त्यासोबत उधारीची मुदत वाढवून मागा. सोयाबीन ऑक्टोबरातच निघतं, त्याआधी सभासद कुठून देणार? पण मिळेलच असं सांगत नाही. आमची मागणी एकदा फेटाळली गेली आहे. तोवर उधारी १५ वरून १२ वर आणा.

उमरेडचा_गडी
उधारीवाल्याला गोणीमागे वीस रुपये जास्त लावा, आपोआप रोख येतील.

हिशेबनीस
युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. छापील किमतीवर एक रुपयाही घेतला तर परवाना धोक्यात येईल. रोखवाल्याला सूट देता येते, पण तुमच्या खरेदी-विक्रीतल्या २ लाखांच्या फरकातून किती देणार? उशिराचं व्याज वेगळं लावायचं तर पोटनियम बघा, तिथे मी खात्रीने बोलत नाही.

काटोलकडचा_सचिव
उधारीची यादी काढली. १५ पैकी साडेचार लाख संचालकांच्याच नावावर आहेत. आमसभेच्या आधी हे संचालक मंडळात कसं मांडायचं, कुणी केलंय का?

संत्रावाला
आम्ही नावं न घेता प्रत्येक सभासदाला हेक्टरी उधारीची एकच कमाल मर्यादा ठरवली, संचालकांसह. दोघं रागावले. एकाने भरले.