क्लाउड रेकॉर्डिंगचा प्लॅन रद्द केल्यास आधीच्या क्लिप राहतात का? (मदत हवी आहे)

सागरवेळ: चिपळूणच्या घरी आईवडिलांसाठी दोन वायफाय कॅमेरे बसवले आहेत. त्यांचा क्लाउड रेकॉर्डिंगचा वार्षिक प्लॅन मी गुगल प्लेमार्फत घेतला होता. त्यात मागील ३० दिवसांचे चित्रण साठते आणि १९ जूनला त्याचे आपोआप नूतनीकरण होणार आहे. पुढे मेमरी कार्डावरच भागवायचे ठरल्यामुळे प्लॅन रद्द करायचा आहे. मात्र ४ जूनच्या रात्री एका टेम्पोने आमच्या फाटकाला धडक दिली, त्याची क्लिप केवळ क्लाउडवर आहे आणि पोलीस तक्रारीसाठी ती लागणार आहे. आज प्लॅन रद्द केला तर ती क्लिप लगेच पुसली जाईल का?

गावकरी_७: काळजीचे कारण नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेचा मँडेट रद्द करा, म्हणजे पैसे कापले जाणार नाहीत. क्लिप ३० दिवस ठेवण्याचे पैसे आपण आधीच भरलेले असल्यामुळे ती ४ जुलैपर्यंत कुठेही जात नाही.

तारयंत्र: गावकरी यांच्या उत्तरातील पैसे थांबण्याचा भाग बरोबर आहे, उरलेल्यावर विसंबू नये. मँडेट रद्द झाल्याने वर्गणी रद्द होत नाही. नूतनीकरणाच्या दिवशी पैसे मिळाले नाहीत, एवढेच गुगलला कळते आणि वर्गणी थकलेल्या अवस्थेत लोंबकळत राहू शकते. त्यामुळे आधी प्ले स्टोअरमध्ये आपल्या छायाचित्रावर टिचकी देऊन Payments & subscriptions, मग Subscriptions येथे जावे आणि तिथून प्लॅन रद्द करावा. फोनवरून अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

आता मूळ प्रश्न. आज रद्द केले तरी भरलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे १९ जूनपर्यंत, सेवा सहसा चालू राहते. आजच क्लिप जाण्याचे कारण नाही. तथापि इथे दोन मुदती एकाच वेळी चालू आहेत. ४ जूनची क्लिप ३० दिवसांच्या नियमाने ४ जुलैच्या सुमारास पुसली जाईल, मग प्लॅन चालू असो वा नसो. दुसरी मुदत प्लॅनची: तो संपला की काही कंपन्या जुने चित्रण लगेच पुसतात, काही ते काही काळ ठेवतात, पण उघडू देत नाहीत. म्हणून जी मुदत आधी येते तीच आपली मानावी आणि १८ जूनपूर्वी क्लिप उतरवून घ्यावी. तोवर अ‍ॅपमधून कॅमेरा काढून टाकू नका, कारण अनेक अ‍ॅप त्यासोबत त्याचे क्लाउडवरील चित्रणही पुसतात.

उतरवताना अ‍ॅपमधील डाउनलोडचे बटणच वापरावे. स्क्रीन रेकॉर्डिंग करू नये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये, कारण तिथे फाइल आकसते आणि मूळ राहत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. विंडोजवर ते असे मिळते:

```
certutil -hashfile clip.mp4 SHA256
```

फाइलमध्ये तिळमात्र बदल झाला तरी हे मूल्य वेगळे येते, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेले बरे.

पिंपळपार: आमच्या सोसायटीच्या डीव्हीआरवरही पंधरा दिवसांनी सारे पुसले जात असे. मोठी हार्ड डिस्क लावल्यावर प्रश्न सुटला. आपणही तेच का करत नाही?

सागरवेळ: पिंपळपार, आमच्याकडे डीव्हीआर नाही; हे सुटे वायफाय कॅमेरे आहेत. तारयंत्र, मनापासून आभार. ६४ जीबीचे कार्ड पुरेल का?

तारयंत्र: कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट गतीने अखंड चित्रण करत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीत जेमतेम तीन दिवस बसतात आणि त्यानंतर जुन्यावर नवे लिहिले जाते. केवळ हालचाल टिपण्याची सोय निवडली तर ते बरेच जास्त दिवस पुरेल, पण नेमके किती, हे रस्त्याच्या वर्दळीवर ठरते. कॅमेराच चोरीला गेला तर कार्डही त्याच्यासोबत जाते, एवढे ध्यानात असू द्या. माझ्या मते फाटकाकडच्या कॅमेऱ्यासाठी तरी क्लाउड ठेवावे.

सागरवेळ: क्लिप उतरवली आणि हॅश मूल्यही नोंदवले. धडकेचा प्रसंग दोन सलग क्लिपांत विभागला गेला होता, म्हणून दोन्ही घेतल्या. दुसरीत टेम्पोचा क्रमांक अधिक स्पष्ट आहे. प्लॅनही रद्द केला. मुदतीनंतर चित्रण पाहता येणार नाही, असे कंपनीच्या मदत विभागाने कळवले. मात्र ते त्यांच्या सर्व्हरवरून प्रत्यक्षात कधी पुसले जाते, याचे उत्तर दोनदा विचारूनही मिळाले नाही. कोणाला तसे लेखी उत्तर मिळाले असेल, तर कृपया इथे द्यावे.