उत्तर: x = 1 पाशी फंक्शन जुळतं का?

> दादरच्या क्लासमधल्या फळ्याचा फोटो टाकलाय. दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह 2 येतं, मग x = 1 ला डिफरन्शिएबल का नाही?

फोटोत x ≤ 1 साठी x² + 1 आणि x > 1 साठी 2x + 3 आहे. आधी किंमती बघ. f(1) = 2, पण उजवीकडून लिमिट 5 येते. म्हणजे कंटिन्युअसच नाही, विषय तिथेच मिटला.

तुझं उजवीकडचं 2 हे नुसत्या सूत्राचं डेरिव्हेटिव्ह आहे, त्यात f(1) येतच नाही. व्याख्येने कर:

(f(1+h) − f(1))/h = (3 + 2h)/h = 3/h + 2

h उजवीकडून 0 कडे गेला की हे अनंताकडे पळतं.

ट्यूबलाइटच्या चकाकीत तो +3 मात्र नीट दिसत नाही, वहीत ताडून बघ. नुसतं 2x असेल तर दोन्हीकडून किंमत 2, उतारही 2, आणि फंक्शन डिफरन्शिएबल!